मदत हवी आहे: दहावीच्या उजळणी वर्गाचं पत्रक, पालक आणि मुलं दोघांसाठी एकच मजकूर कसा लिहू?

फळा_खडू
नमस्कार. तालुक्याच्या गावी माझा राज्य मंडळाच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचा छोटा क्लास आहे. पूर्वपरीक्षा आटोपली की जानेवारीच्या मध्यापासून चार आठवडे उजळणी वर्ग घेणार आहे. छपाईवाल्याने तयार मजकूर दिलाय:

"पालकहो, अजून किती वाट पाहणार? शेवटचे ३० दिवस! ९०% ची हमी! हमखास येणारे प्रश्न! फक्त ५ जागा शिल्लक!"

खाली गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो. मला हे छापायचं नाही. पण साधं लिहिलं तर कोणी फिरकणार नाही, असं तो म्हणतो. शिवाय आई हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचते आणि तसंच मुलाला पाठवते. तिच्या काळजीला उद्देशून लिहिलेलं वाक्य मुलाला टोमण्यासारखं लागतं. दोघांनी वाचावं असं काय लिहू?

सांजवेळ
सर, फी किती? माझ्या मुलीला पूर्वपरीक्षेत भूमितीत ४० पैकी ११ पडलेत. ऑनलाइन घेता का?

फळा_खडू
ताई, मी वर्गाची माहिती द्यायला आलो नाही, पत्रकाबद्दल विचारतोय. तरी सांगतो, बीजगणित, भूमिती आणि २० अंतर्गत मिळून १०० पैकी ३५ लागतात. एका पेपरच्या ११ वरून घाबरू नका. तिची उत्तरपत्रिका मागून घ्या आणि प्रमेयाच्या सिद्धतेत कारणं लिहिली आहेत का तेवढं बघा. पायऱ्या बरोबर असूनही गुण जातात ते बहुधा तिथेच.

गावठाण
सर, जाहिरात करूच नका. १६ वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेणंच आता बेकायदा आहे. २०२४ मध्ये कायदा झालाय.

तक्रार_पेटी
गावठाण, तो कायदा नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्यात १६ वर्षांची अट आहे. अंमल राज्याने करायचा. सरांच्या कामाचं दुसरंच आहे: १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गुणांची हमी चालत नाही. नसलेली घाई दाखवणं, म्हणजे तुमच्या "फक्त ५ जागा", तेही नाही. मुलाचा फोटो वापरायचा तर निकालानंतर घेतलेली लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला कोर्स किती काळ केला तेही लिहायला हवं. वर्षभर शिकलेल्या मुलाचा फोटो चार आठवड्यांच्या वर्गाखाली छापला, तर वाचणारा फसतो.

छोट्या क्लासला हे कितपत लागू होतं, यावर वाद घालता येईल. पण फसवी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्यात, २०१९ च्या, तशीही बसत नाही.

दुसरा_बाक
मी आता अकरावीत आहे. गेल्या वर्षी घरी असंच पत्रक आलं होतं. पप्पांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, बोलले काहीच नाहीत. मला हमी नको होती. बीजगणित येत होतं, पण दोन तासांत पेपर संपत नव्हता. पुन्हा सगळे धडे शिकवणार की पेपर सोडवून घेणार, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तक्रार_पेटी
सर, तुमचं उत्तर इथेच आहे. आईला विचारायचं असतं की पेपर तपासून कोण देणार. मुलाला विचारायचं असतं की तिथे करायचं काय. वर्गात नेमकं काय होणार ते लिहिलंत, तर एकाच वाक्यात दोघांना उत्तर मिळतं. "पालकहो" आणि "विद्यार्थी मित्रहो" दोन्ही काढा.

फळा_खडू
पटलं. असं लिहिलंय, बघा:

"दहावी गणित-विज्ञान उजळणी, चार आठवडे. दर रविवारी सकाळी दोन तासांचा, ४० गुणांचा एक पेपर: बीजगणित, भूमिती, विज्ञान १, विज्ञान २. सर स्वतः तपासून बुधवारी परत देतील. कुठल्या पायरीला गुण गेला ते पेपरवर लिहिलेलं असेल. बुधवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ८ त्याच चुकांवर काम. नवीन धडे शिकवले जाणार नाहीत. एका तुकडीत २० मुलं. फी एकदाच, रक्कम खाली."

सांजवेळ
हे वाचून मी मुलीला पाठवेन. आधीचं वाचलं असतं तर तिला ओरडले असते. पण "नवीन धडे शिकवले जाणार नाहीत" वाचून थोडी भीती वाटली. जिचे धडेच राहिलेत तिने काय करायचं?

फळा_खडू
तिला हा वर्ग पुरणार नाही, ताई. हेही पत्रकात घालतो: "ज्यांचे निम्म्याहून जास्त धडे राहिलेत त्यांनी आधी येऊन भेटा."

गावठाण
तेवढ्याने निम्मी गिऱ्हाईकं जातील. आणि "आयएमपी प्रश्न" हा शब्द तरी ठेवा. मुलं तोच शोधतात.

दुसरा_बाक
खरंय, आम्ही तोच शोधायचो.

तक्रार_पेटी
"हमखास येणारे" नको. "मागच्या पेपरांत वारंवार आलेले" चालेल, पण मागचे पेपर खरंच काढून मोजले असतील तरच.

फळा_खडू
भूमितीचे मोजलेत. विज्ञानाचे नाहीत. आणि छपाईवाला परवा मजकूर मागतोय. फक्त भूमितीपुरतं लिहिलं तर विचित्र दिसेल का?