मदत हवी आहे: 5 चा डेरिव्हेटिव्ह शून्य की 0/0?

राजवाड्यामागे: मुलगी अकरावीत, इथे इंदूरलाच, हिंदी माध्यम. 'अचर का अवकलज शून्य' तिला पाठ आहे. पण काल म्हणाली, "बाबा, f(x) = 5 घेतलं तर (5 − 5)/h येतं. मग h शून्य केला की 0/0. त्याला शून्य कसं म्हणायचं?" मी कॉमर्सवाला, गप्प बसलो. आणि x^n चं nx^(n−1) होतं, तेही असंच 'मानून चला' का?

बडोदेकर: सोप्पंय. 5 म्हणजे 5x^0. घात खाली उतरवा, 5 गुणिले 0, झालं शून्य.

ग्वाल्हेरचा जुना मास्तर: बडोदेकर, उत्तर बरोबर, वाट उलटी. शून्य घाताला तो नियम चालतो हे आधी दाखवायला नको का? शिवाय x = 0 ला तुमचं x^(−1) लिहिताच येत नाही, आणि 5 चा डेरिव्हेटिव्ह तिथेही शून्यच असतो.

राजवाडेवाले, पोरीची शंका चांगली आहे. फक्त ती h ला शून्य करून टाकते. h शून्याच्या जवळ जातो, शून्य होत नाही. 0.1 घ्या, 0.001 घ्या, उणे घ्या, 0/h दरवेळी नेमका 0. सगळ्याच किमती 0, तर त्या दुसऱ्या कशाकडे जाणार?

आता x^3. खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना टेकवलेला घनाकार खोका समजा, बाजू x. बाजू h ने वाढली, तर वाढ उघड्या तीन अंगांनाच होणार: वर एक थर, बाजूंना दोन. प्रत्येक x²h, मिळून 3x²h. थरांमधल्या तीन कडा भरायला 3xh², आणि टोकाला h³ चा चिमुकला तुकडा. h ने भागा: 3x² + 3xh + h². पोरीला x = 2, h = 0.01 घेऊन करायला सांगा:

(8.120601 − 8)/0.01 = 12.0601

12 थरांचे, 0.06 कडांचे, 0.0001 तुकड्याचा. h लहान होत गेला की उरतात 12.

x^n ला खोका डोळ्यासमोर येत नाही, म्हणून (x+h) चे n कंस मांडा. एकाच कंसातून h आणि बाकीच्यांतून x उचलायचा, तर तो कंस n प्रकारे निवडता येतो. म्हणून nx^(n−1)h. उरलेल्या पदांत किमान h² असतोच, भागल्यावरही एखादा h राहतो आणि ती पदं विरून जातात.

सराफ्याची ताई: आमच्या चिरंजीवांनी π² चं 2π लिहिलं, मार्क गेले. नियमानेच तर केलं होतं!

ग्वाल्हेरचा जुना मास्तर: ताई, x कितीही हलवा, π² जागचा हलत नाही. तो 5 चाच भाऊ, म्हणून शून्य. 2^x लाही हा नियम लावू देऊ नका, तिथे x घातात बसलाय.

राजवाड्यामागे: खोका पटला तिला! आता विचारते, √x ला अर्धा कंस कुठून आणायचा?

बडोदेकर: नियम तिथेही चालतो. 1/(2√x).

राजवाड्यामागे: चालतो हे पुस्तकातही आहे हो. का चालतो, ते विचारतेय. मास्तर, आहात का?