मॅक्रो नको, घाण्याचं साहित्य मागा

"कॅन्टीनला त्यांच्या तळलेल्या पदार्थाचे मॅक्रो, म्हणजे एका नगात प्रथिनं, कर्बोदकं, फॅट किती ते विचारलं, तर 'आम्ही मोजत नाही' म्हणाले. आता पत्रात काय लिहू?"

एका घाण्याला पीठ किती, सारण किती आणि त्यात नग किती होतात, एवढंच विचारा. माझ्याही पहिल्या पत्राला असंच उत्तर आलं होतं. दुसऱ्या पत्रानंतर आचाऱ्यांनी वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. भागाकार आपण घरी करायचा.

तळणीच्या तेलाचं वजन मात्र आधी आणि गार झाल्यावर, असं दोनदा करायला सांगा. आमच्याकडे ४० नगांमागे ४०० ग्रॅम तेल कमी झालं, म्हणजे नगाला १० ग्रॅम फॅट, नुसत्या तेलाच्याच ९० कॅलरी! झाऱ्याला, कागदाला लागलेलं तेलही यात येतं, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच आहे असं धरा.