मदत हवी आहे: दही अचानक लागत नाही, माल वाया चाललाय

खिल्लारी_बैल: नमस्कार मंडळी, छोटी डेअरी आहे, रोज 600 लिटरचं दही. गेले पाच दिवस दही बसतच नाहीये, सात सात तास ठेवलं तरी पातळ, नेहमी चार तासात लागतं. कल्चर तेच, तापमान तेच 43. अ‍ॅसिडिटी 0.35 ला अडकून बसते. काय असेल, लवकर सांगा प्लीज, उद्याचीही ऑर्डर आहे.

सुलभाताई: थंडी आहे ना, भांडं कणकेच्या डब्यात ठेवा नाहीतर शालीत गुंडाळा. हिरव्या मिरचीचं देठ टाकलं की विरजण नसलं तरी लागतं, माझी सासू असंच करायची.

खिल्लारी_बैल: ताई 600 लिटर आहे हो, केवढी शाल लागेल!

गोठा_डॉक्टर: अँटिबायोटिक. डोळे झाकून सांगतो. कासदाह झाला की सडात ट्यूब सोडतात आणि दुसऱ्या दिवशी दूध डेअरीत. उकळूनही जात नाही ते. संकलनाचं दूध किट लावून तपासा.

जुना_क्यूसी: डॉक्टर, शक्य आहे, पण आधी विचारू द्या. सगळ्या वॅट बिघडतात का काही? विरजण रोज कुठून येतं? त्याच खोलीत आणखी काय बनतं?

खिल्लारी_बैल: पाकीट महिन्याला एक, त्याचं मदर कल्चर करतो, त्यातून रोज 2 टक्के. पहाटे पाचची वॅट ठीक लागते, नऊची उशिरा, दुपारची तर दूधच राहतं. दूध तिन्हीला एकाच टाकीतलं.

जुना_क्यूसी: मग हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलं राव! टाकी एक असेल तर अँटिबायोटिकने पहाटेची वॅटही अडकली असती. दिवसभरात वाढत जाणारा त्रास म्हणजे बहुतेक फाज. जंतूंना मारणारा विषाणू, माणसाला काही करत नाही, पण विरजणातला जंतू अर्ध्या पाऊण तासात फोडून त्यातून डझनावारी बाहेर पडतात. न्यूझीलंडमध्ये 1935 साली चीजच्या विरजणात हाच सापडला होता. आता सांगा, चक्का बांधता का?

खिल्लारी_बैल: हो, पाडव्याची श्रीखंडाची ऑर्डर आहे म्हणून आठवड्यापासून. तिथेच कोपऱ्यात टांगतो, पंख्याखाली, पाणी लवकर गळावं म्हणून.

जुना_क्यूसी: सापडलं बहुतेक. चक्क्याच्या पाण्यात फाज कोट्यवधी असू शकतात, शिंतोडे पंख्याने उडून मदर कल्चरच्या कॅनवर बसतात. 72 अंशाच्या पाश्चरायझेशनने सगळे मरत नाहीत. खात्री करायची तर बिघडलेल्या वॅटचं पाणी फडक्यातून गाळा. नवीन पाकीट, चांगलं उकळून गार केलेलं दूध, 100 मिलीच्या तीन बाटल्या. एकीत नुसतं विरजण, दुसरीत 1 मिली ते पाणी तसंच, तिसरीत तेच पाणी 90 अंशावर वीस मिनिटं तापवून, गार करून 1 मिली. फक्त दुसरी अडकली तर फाज. अँटिबायोटिक असतं तर 1 मिलीने शंभरपट पातळ होऊन बहुधा काही करू शकलं नसतं, फाज मात्र वाढत जातो.

गोठा_डॉक्टर: मान्य, पण किट तपासणी सोडू नका, दोन्ही एकत्रही असू शकतं.

पनीरवाला_विदर्भ: कल्चरची कंपनी बदला, मी बदलली, दोन महिने टेन्शन नाही.

जुना_क्यूसी: दोन महिने! कंपनी बदलून उपयोग नसतो, आतला जंतू सख्खा भाऊ निघाला तर तोच फाज त्यालाही खातो. पुरवठादाराला सांगायचं, याच कल्चरचा फाजसाठी वेगळा पर्याय द्या, आणि ठराविक दिवसांनी आलटून पालटून वापरायचा. पण आधी चक्का दुसऱ्या खोलीत न्या. पंखा बंद. भांडी आधी नीट घासा, मग 10 टक्के हायपोक्लोराइट लिटरला 2 मिली. दुधाची साय लागलेली असेल तर क्लोरीन तिथेच संपून जातं.

शेतकरी_पुत्र: दह्याचं सोडा, दुधाचा दर कधी वाढणार ते बोला कोणी.

खिल्लारी_बैल: बाटल्या लावल्या. पहिली आणि तिसरी साडेचार तासात घट्ट, दुसरी हलवली की खळखळ दूध. किटमध्ये काही निघालं नाही. चक्का घराच्या पडवीत नेला, जुनं मदर कल्चर ओतून दिलं, कॅन उकळले. काल तिन्ही वॅट लागल्या, आज तिसरीला परत साडेपाच तास.

जुना_क्यूसी: साडेपाच म्हणजे अजून कुठेतरी आहे. चक्क्याला हात लावलेला माणूसच विरजण टाकतो का? कपडे बदलतो का?

खिल्लारी_बैल: तोच टाकतो. माझा भाऊच आहे. आणि डेअरीतलं पाणी सांडतं ती मोरी पण मदर कल्चरच्या खोलीतूनच जाते, हे आत्ता लक्षात आलं.

सुलभाताई: मोरीला झाकण लावा बाई!

जुना_क्यूसी: यावेळी ताई बरोबर आहेत.