‘कंटाळा आलाय… पण काही नको’ : अशा वेळी तुम्ही काय करता?

घरातलं कोणी येऊन म्हणतं, ‘कंटाळा आलाय.’ आपण विचारतो, ‘मग काय करूया?’ उत्तर येतं, ‘काही नको.’ आपण पाचसहा गोष्टी सुचवतो, सगळ्यांना नकार मिळतो आणि शेवटी दोघंही चिडतात. अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोललात, काय केलंत आणि पुढे काय झालं, ते वाचायचंय. उपायांच्या याद्या नकोत, घडलेलं सांगा.

रानवारा : मला कंटाळा आला की मी कपाट आवरते. तासाभरात मन थाऱ्यावर येतं.

धागाकर्ती : रानवारा, ते स्वतःच्या कंटाळ्याचं झालं. दुसऱ्याला आलेला असतो तेव्हा काय करता?

रानवारा : त्यालाही कपाट आवरायला सांगते! बहुतेक वेळा तो निघून जातो, हे खरं.

सायंतारा : मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते. कंटाळलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं, पण मन कशातच लागत नसतं. मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची मांडणी साधारण अशीच केली होती. म्हणून ‘तुला काय हवंय?’ हा प्रश्न त्या क्षणी जड जातो. जे सुचत नाहीये, तेच आपण मागत असतो. यादी दिली तर आणखी निवड करावी लागते, आणि नकार देणं सर्वांत सोपं असतं.

माझा भाचा सोळा वर्षांचा. सुट्टीत एका दुपारी सोफ्यावर आडवा, ‘मावशी, बोअर होतंय, काही नको.’ मी म्हटलं, ‘हं, होतं असं,’ आणि जुन्या किल्ल्यांचा डबा जमिनीवर ओतला. मला तो खरंच आवरायचा होता. बराच वेळ काही बोलले नाही. मग एक किल्ली पुढे केली, ‘ही मागच्या दाराला लागते का बघ रे.’ तो कुरकुरत उठला. लागली नाही. परत आल्यावर त्याने दुसरी स्वतःहून उचलली. पुढे कुठली किल्ली कशाची, याच्या चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या.

यात तीन गोष्टी होत्या. काम खरं होतं, मागणी एकच आणि लहान होती, आणि तो उठला नसता तरी माझं काही अडणार नव्हतं. ‘बघ, गेला ना कंटाळा!’ असं मात्र म्हणू नका. मूल तिथेच हात काढून घेतं.

उंबरठा : मला वाटतं काहीच करू नये. कंटाळ्यातूनच कल्पना सुचतात, तसं संशोधनच आहे.

सायंतारा : अर्धं बरोबर आहे. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना आधी टेलिफोन डिरेक्टरीतले आकडे उतरवायला लावले, मग दोन कपांचे निरनिराळे उपयोग सुचवायला सांगितले. आकडे उतरवलेल्यांना जास्त उपयोग सुचले. पण तिथे कंटाळ्यानंतर विचार करायला काहीतरी समोर ठेवलं होतं. शिवाय आज एकटं सोडलेला माणूस रिकामा बसत नाही, फोन उचलतो. २०२४ च्या एका अभ्यासात एकामागून एक व्हिडिओ बदलत राहिलेल्यांना, एकच व्हिडिओ बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा आला.

उंबरठा : फोनचं पटलं. तरी प्रत्येक वेळी मोठ्यांनी काहीतरी मांडावं, हे मला पटत नाही. पोराला स्वतःचं स्वतः शोधायची सवय कधी लागणार?

पाणकळा : माझा अनुभव वेगळा आहे. निवृत्तीनंतर बाबा रोज म्हणायचे, ‘कंटाळा आलाय, काही नको.’ आम्ही बुद्धिबळाचा पट मांडायचो, मित्रांना बोलवायचो. ते बसायचे, दोन चाली खेळायचे, पण चेहरा तसाच. पूर्वी हरले तरी पुन्हा डाव मांडा म्हणणारा माणूस. पहाटेच जाग यायची, जेवण कमी झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे किती दिवस चाललंय? महिना उलटून गेला होता. निदान नैराश्याचं झालं. आता उपचार सुरू आहेत.

सायंतारा : पाणकळा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कंटाळलेला माणूस एकदा गुंतला की बहुधा खुलतो. आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बदलली असेल आणि दोन आठवडे बहुतेक दिवस असंच जात असेल, तर किल्ल्यांचे डबे पुरत नाहीत, डॉक्टरांना दाखवावं. आणि जगणंच नको वाटतंय असं बोलणं निघालं, तर दोन आठवडेही थांबू नये.

दूरदेशी : माझी मैत्रीण फोनवर म्हणते, ‘काही नको, बोअर होतंय.’ तिच्या हातात किल्ली कशी देऊ? मी सध्या फोन चालू ठेवून माझं काम करते आणि मध्येच विचारते, ‘या पत्राची सुरुवात कशी करू गं?’ कधी ती तासभर रमते, कधी ‘ठेवते’ म्हणते. ठेवते म्हणाली की थांबवावं की जाऊ द्यावं, हे मला अजून कळत नाही.

रानवारा : मी तर जाऊ देते आणि संध्याकाळी स्वतःहून फोन करते. ‘बरी आहेस का’ असं न विचारता, पत्राचं पुढे काय झालं ते सांगायला.