ब्रेकर पडला तरी नळाला करंट: घरमालकाला हे पत्र द्यावं का?

मानेवाड्याचा भाडेकरू
घरमालक म्हणतात, गिझर तुझा, दुरुस्ती तुझी. मी हे पत्र देतोय, बरोबर आहे का?

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. चार दिवसांपासून बाथरूमच्या दोन्ही नळांना करंट लागतो. रविवारी आईला जोराचा झटका बसला. गिझर लावला की सात-आठ मिनिटांत मीटरजवळचा, टेस्टचं बटण असलेला ब्रेकर पडतो आणि घरभर लाइट जाते. तरीही नळाला टेस्टर लावला तर पेटतो. गिझरचा प्लग उपसला की विझतो. कृपया लवकर तपासून द्यावं."

दोन खोल्यांचा मालक
मीही खोल्या भाड्याने देतो. प्लग काढल्यावर करंट जातो, म्हणजे दोष गिझरचाच. त्याचा खर्च मालकाने काऊन करावा?

कूलरवाली ताई
आमच्या कूलरला दर उन्हाळ्यात असंच होतं. खाली लाकडी पाट ठेवला की लागत नाही.

जुना वायरमन
ताई, पाट ठेवल्याने कूलरमधला करंट जात नाही, तुमच्या पायातून जायचा तेवढा थांबतो. तो कूलर आधी दाखवून घ्या.

मालकभाऊ, पत्रातलं एक वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं. ब्रेकर पडल्यावरही टेस्टर पेटतो. हा ब्रेकर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, म्हणजे त्या वेळी गिझरला वीजच नाही. न तुटणारी एकच तार राहते, अर्थिंगची. ती प्लगच्या मोठ्या पिनेतून गिझरच्या पत्र्याला आणि तिथून लोखंडी पाइपाने नळाला जाते. माझा संशय असा की दुसऱ्या कोणाच्या घरातला करंट सामाईक अर्थिंगमध्ये उतरतोय, आणि खालचा खड्डा कोरडा पडल्याने किंवा तार तुटल्याने तो जमिनीत न जाता नळापर्यंत येतोय.

नंदनवनकर
मग गिझरची अर्थिंग पिन काढून टाका. झटका लगेच बंद.

जुना वायरमन
झटका बंद होईल, हे खरं. पण ब्रेकर पडतोय, म्हणजे गिझरचं एलिमेंटही गळत असावं. पिन काढली तर त्या गळतीला वाट उरते ती नळ धरणाऱ्याच्या अंगातून. प्लग बाहेर ठेवा, नळांना हात लावू नका. वायरमनला तुमचा ब्रेकर बंद ठेवून सॉकेटच्या अर्थिंगचं व्होल्टेज ओल्या जमिनीशी मोजायला सांगा. मग एकेका घराची मेन बंद करायची. ज्या घराला आकडा खाली येईल, दोष तिथला.

दोन खोल्यांचा मालक
अर्थिंग मालकाचं, मान्य. पण एलिमेंटचे पैसे भाडेकरूनेच द्यावे.

मानेवाड्याचा भाडेकरू
एलिमेंट मी बदलतो. पत्रात आता "सामाईक अर्थिंग आणि खड्डा तपासून द्यावा" असं स्पष्ट लिहितो. वरच्या मजल्यावरचे शनिवारपर्यंत गावाला आहेत, त्यांच्या फ्रिजची मेन चालूच आहे. आईची आंघोळ तोवर शेजारच्या काकूंकडे.