शब्दचर्चा: 'गोठणांक' म्हणावे की 'द्रवणांक', आणि सेल्सिअसची उलटी मोजपट्टी

दादरहून प्रश्न: सेल्सिअसने 1742 मध्ये उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 दिले होते, असे वाचले. मग आजच्या मोजपट्टीला 'सेल्सिअस' म्हणणे योग्य आहे का? आणि तिच्या खालच्या टोकाला 'गोठणांक' म्हणावे की 'द्रवणांक'?

गोरेगावहून: ती सेल्सिअसची चूक होती, पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने ती सुधारली.

माटुंग्याहून (प्रयोगशाळेत तापमापी तपासण्यातच माझी सारी नोकरी झाली): चूक म्हणणे मला पटत नाही. सेल्सिअस डेलिलची तापमापी वापरत असे आणि तिच्यावरही उत्कलनांकाला 0 असून आकडे थंडीकडे वाढत जात. शिवाय अशा पट्टीवर त्याच्या स्वीडनमधील उप्सालाच्या हिवाळ्यात ऋण आकडे येत नाहीत. मोजपट्टी ठरते ती दोन खुणांनी, आणि कोणत्या खुणेला 0 म्हणायचे हा निव्वळ संकेत आहे. समजा, पारा वितळत्या बर्फात 42 मिमीवर आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत 192 मिमीवर थांबला, तर मधल्या 150 मिमीचे शंभर भाग केल्यावर एक अंश दीड मिमीचा होतो. पारा 87 मिमीवर असेल तेव्हा आज आपण 30 वाचतो, सेल्सिअसने 70 वाचले असते, हवा तीच.

मुलुंडहून: आमच्या घरच्या तापमापीवर तर 98.6 ला ताप नाही असे मानतात, म्हणजे पाणी उकळायच्या बेतात आले की काय?

माटुंग्याहून: ताई, तो आकडा फॅरनहाइटचा आहे, सेल्सिअसमध्ये तो 37 होतो.

मुलुंडहून: बरे झाले विचारले. महाबळेश्वरला भाचीकडे डाळ शिजायला फार वेळ लागतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

माटुंग्याहून: आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने महाबळेश्वरला पाणी साधारण साडेपंचाण्णव अंशांनाच उकळते. तिथल्या वाफेत खूण करून कोणी तिला 100 म्हटले, तर मुंबईतल्या 30 अंशांना ती तापमापी 31.4 दाखवील, बर्फाजवळ मात्र चूक जवळजवळ दिसणार नाही आणि वर जाताना ती वाढत जाईल. म्हणूनच सेल्सिअसने उत्कलनांकासोबत वायुदाबमापीवरील पाऱ्याची उंचीही नोंदवून ठेवली. माझ्या मते त्याचे खरे काम हेच आहे, त्यामुळे त्याचे नाव राहणे रास्त आहे.

आता शब्द. तापमान एकच असले तरी खूण करताना मी 'द्रवणांक' म्हणेन, कारण स्थिर राहिलेले शुद्ध पाणी शून्याच्या खाली जाऊनही कधी कधी द्रवच राहते, तर बर्फ आणि पाणी यांचे मिश्रण मात्र बर्फ संपेपर्यंत शून्यावरच टिकते.

गोरेगावहून: मग लिनीअसचे काय?

माटुंग्याहून: सेल्सिअस 1744 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी लिनीअसकडे आजच्यासारखी सुलटी तापमापी होती. परंतु त्याआधी 1743 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे क्रिस्टँनेही तशीच मोजपट्टी मांडली होती. स्वीडनमध्ये उपकरणकार एकस्ट्रॉम आणि सेल्सिअसचा उत्तराधिकारी स्ट्रोमर यांचीही नावे घेतली जातात. त्यांपैकी एकालाच श्रेय देणे मला धाडसाचे वाटते.

दादरहून: 'द्रवणांक' पटला. तरीही पाठ्यपुस्तकातल्या पाण्याच्या बाबतीत 'गोठणांक' टाकून द्यायला माझे मन अजून तयार नाही.