करारात पेमेंटचे दिवस लिहिलेलेच नसतील तर रकान्यात काय भरायचं?

चाकण_परचेस
आमच्याकडे व्हेंडरसोबतचे जुने करार स्कॅन करून एका एआय टूलने त्यातली कलमं काढतोय आणि एक्सेलमध्ये घेतोय. पेमेंट किती दिवसात, हा एक रकाना आहे. करारात त्याबद्दल काहीच नसलं तरी टूल तिथे ४५ भरून देतं. अकाउंट्सवाले म्हणतात राहू दे, एमएसएमईला ४५च असतात. माझं म्हणणं आहे तिथे 'सापडलं नाही' असंच यायला हवं. तुम्ही काय कराल?

ठाणे_फायनान्स
मी अकाउंट्सच्या बाजूने. अहो, शेकडो करार असतात, त्यातल्या निम्म्यांसमोर 'सापडलं नाही' आलं तर टूल घेऊन फायदा काय झाला, परत माणूसच बसवायचा ना वाचायला. पेमेंट रनला तारीख लागते, तारीख काढायला आकडा लागतो. आणि ४५ हा काही हवेतला आकडा नाहीये, कायद्यातलाच आहे.

अ‍ॅड_मंजिरी
४५ कायद्यात आहे, पण कुठल्या परिस्थितीत आहे ते बघा. एमएसएमईडी कायदा २००६, कलम १५. लेखी ठरलेलं असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. म्हणजे करारात दिवस लिहिलेलेच नाहीत तिथे ४५ लागूच होत नाही, नेमकं त्याच ठिकाणी तुमचं टूल ४५ भरतंय.

एक उदाहरण घ्या. व्हेंडर उद्यमला स्मॉल म्हणून नोंदलेला आहे, जॉबवर्क करतो, करारात फक्त 'पेमेंट परस्पर ठरलेल्या अटींप्रमाणे' एवढंच आहे आणि त्या अटी कुठेच लिहिलेल्या नाहीत. माल १ मार्चला स्वीकारला. शीटवर ४५ आहे म्हणून अकाउंट्सने १५ एप्रिल ही शेवटची तारीख धरली आणि १० एप्रिलला पैसे सोडले, सगळ्यांना वाटलं वेळेत दिले. प्रत्यक्षात मुदत १६ मार्चलाच संपली होती. मग कलम १६ प्रमाणे व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आणि २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आयकर कायद्यात आणलेल्या ४३बी(एच) मुळे तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, कारण ३१ मार्चला मुदत उलटून गेलेली आणि पैसे थकलेले. ज्या वर्षात दिले त्या वर्षात मिळतो. रिटर्न भरायच्या आधी देऊन टाकले तर चालतं ही सवलत या कलमाला नाहीये.

ठाणे_फायनान्स
बरं, मग ४५ ऐवजी १५ भरा डिफॉल्टला, प्रश्न मिटला. मुद्दा तोच आहे, रकाना रिकामा नको.

अ‍ॅड_मंजिरी
नाही मिटत. १५ हा करारातला आकडा नाही, करारात आकडा नाही म्हणून कायद्याने लागणारा आकडा आहे. व्हेंडर मीडियम असेल किंवा ट्रेडर असेल तर ४३बी(एच) लागत नाही, उद्या नोंदणीचा वर्ग बदलला तर सगळंच परत तपासावं लागतं. उलटी केस पण बघा, करारात सरळ ९० दिवस लिहिलेत. तुम्ही हुशारी करून ४५ भरले तर करारात ९० आहे ही माहितीच गेली, आणि हे करार बदलून घ्यायला हवेत ही यादी कधी तयारच होणार नाही. म्हणून दोन रकाने करा. एकात कागदावर जे लिहिलंय तेवढंच, दुसऱ्यात त्यावरून आणि कायद्यावरून आपण काढलेली शेवटची तारीख. पेमेंट रन दुसऱ्यावर चालवा. तुम्हाला आकडा हवाय ते बरोबर आहे, फक्त तो टूलने करारात वाचला असं दाखवू नका.

सई_कोथरूड
मला हे वाचून माझंच आठवलं. आमच्या फ्लॅटच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये लॉक-इनची जागा कोरी आहे, नुसती रेघ आणि पुढे 'महिने'. एजंटने जो सारांश पाठवला त्यात लॉक-इन ६ महिने लिहिलंय आणि मालक म्हणतात मुदत ११ महिन्यांची आहे म्हणजे लॉक-इनही ११. मग कायद्याने किती धरायचं, यातही १५ दिवसच का?

अ‍ॅड_मंजिरी
सई, नाही गं, ते १५ दिवस मालाच्या किंवा सेवेच्या पेमेंटचे, घराशी त्याचा संबंध नाही. आणि कराराची मुदत ११ महिने आहे म्हणून लॉक-इनही ११ असं आपोआप होत नाही. नोटीसचं कलम काय म्हणतंय ते आधी बघ, आणि नोंदणी झालेली प्रत काढ, हातातल्या ड्राफ्टवर जाऊ नकोस. पण चाकणवाल्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं, कारण कलम आहे, शीर्षक आहे, वाक्य आहे आणि आकड्याची जागा कोरी आहे, अशा ठिकाणी टूल शेजारचा ११ उचलतं.

डेटा_हिंजवडी
मी हेच काम करतो म्हणून टूलच्या बाजूने सांगतो. आकडा बनवला जातो त्याचं कारण बऱ्याचदा आपण दिलेला साचाच असतो. रकाना सक्तीचा ठेवला आणि त्याचा प्रकार आकडा एवढाच दिला तर मॉडेलला 'नाही' म्हणायची जागाच उरत नाही, मग ते अशा करारांमध्ये जो आकडा नेहमी दिसतो तो देतं. कायदा कुठला लागू, याची यादी देऊन त्यात 'लिहिलेलं नाही' हा पर्याय ठेवला नाही तरी हेच होतं. आम्ही प्रत्येक रकान्याला आकड्यासोबत स्थिती आणि मूळ वाक्य मागतो:

```json
{
  "payment_days": {
    "value": null,
    "status": "referenced_elsewhere",
    "quote": "as per mutually agreed terms",
    "page": 4
  }
}
```

स्थिती पाच ठेवल्यात: `found`, `not_found`, `conflicting`, `referenced_elsewhere`, `unreadable`. सईताईंची कोरी रेघ आमच्याकडे `not_found` मध्येच जाते पण वाक्य सोबत येतं, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच कळतं. आणि `found` असेल तर ते वाक्य स्कॅनच्या मजकुरात जसंच्या तसं आहे का ते साध्या प्रोग्रॅमने तपासतो, नसेल तर आकडा बाद.

अजून एक, रकाना नुसता रिकामा अजिबात सोडू नका. एक्सेलमध्ये `=B2+C2` केलं आणि C2 रिकामा असला तर तो शून्य धरला जातो, म्हणजे देय तारीख माल आला त्याच दिवशीची येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे `NOT FOUND` असा मजकूर असेल तर `#VALUE!` येतो, कोणीतरी विचारतंच.

रघू_नाशिक
एवढा खटाटोप कशाला, टूल आत्मविश्वासाची टक्केवारी देतं ना, ९० च्या वर असेल तर घ्यायचं, खाली असेल तर माणसाकडे. आम्ही तसंच करतो, बरं चाललंय.

डेटा_हिंजवडी
रघू, ती टक्केवारी एकदा अशी तपासून बघा. तुम्हाला ज्यांची उत्तरं माहीत आहेत असे थोडे करार घ्या, त्यातून पेमेंटचं कलम पूर्ण काढून टाका आणि टूलला द्या. आता जिथे जिथे आकडा येईल तो शंभर टक्के बनवलेला आहे. त्याच्यासमोर किती टक्के आत्मविश्वास लिहिलाय ते वाचा. नेहमीचा आकडा असला की टक्केवारीही चांगलीच येते, कारण तो आकडा तशा करारात शोभतो. अस्पष्ट स्कॅन पकडायला टक्केवारीचा उपयोग होतो, मान्य, पण नसलेलं कलम पकडायला नाही.

ठाणे_फायनान्स
दोन रकान्यांचं पटलं मला. पण आता माझी दुसरी बाजू ऐका, 'सापडलं नाही' म्हणायची मुभा दिली की टूल तेच जास्त म्हणायला लागतं. आमच्या एका कामात क्रेडिट पिरियड अ‍ॅनेक्श्चरमधल्या टेबलात होता आणि टूलने पेमेंट नावाचं कलम दिसलं नाही म्हणून हात वर केले. चुकीचा आकडा निदान वाक्याशी ताडून पकडता येतो, 'सापडलं नाही' कशाशी ताडणार? म्हणजे तुम्ही सुरक्षित म्हणताय ते उत्तरही चूक असू शकतं आणि ते तपासायला अख्खा करारच वाचावा लागतो.

अ‍ॅड_मंजिरी
हा मुद्दा खरा आहे आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी ज्युनियरना सांगते की 'नाही' लिहायचं असेल तर कुठे कुठे बघितलं तेही लिहा. पेमेंटची अट कन्सिडरेशन, इन्व्हॉइसिंग, कमर्शियल टर्म्स, कुठेही लपलेली असते, त्यामुळे 'दिवस', 'क्रेडिट', 'ड्यू' या शब्दांवरून सगळी पानं एकदा चाळायची. करारात ज्या अ‍ॅनेक्श्चरचं नाव आहे ते फाइलमध्ये खरंच आहे का ते बघायचं. नसेल तर उत्तर 'कलम नाही' असं होत नाही, 'कागद अपुरा' असं होतं, आणि या दोन्हींवर करायची कामं वेगळी. एकासाठी व्हेंडरशी नवीन अट ठरवायची, दुसऱ्यासाठी कागद शोधायचा.

आणि दोन आकडे आले तर लगेच संदिग्ध म्हणू नका. मूळ करारात बिलापासून ६० दिवस आणि अ‍ॅनेक्श्चरमध्ये जीआरएनपासून ३० दिवस असेल, तर आधी कुठला कागद वरचढ याचं कलम आहे का बघा, बऱ्याच करारांत असतं. ते असेल तर उत्तर मिळालं. नसेल तर दोन्ही वाक्यं पानांसकट ठेवा, कमी दिवसांचा निवडू नका, नंतरचा निवडू नका, तो निर्णय टूलचा नाही.

डेटा_हिंजवडी
मोजताना पण दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजा. कलम काढून टाकलेल्या करारांत किती आकडे बनवले, आणि कलम असलेल्या करारांत किती वेळा 'नाही' म्हटलं. दोन्हींची मिळून एकच अचूकता काढली की एक चूक दुसरीत झाकली जाते. दुसरी चूक आमच्याकडेही अजून त्रास देते, टेबलं असली की हमखास.

रघू_नाशिक
पण परस्पर ठरलेल्या अटी म्हटलंय आणि व्हेंडरच्या प्रत्येक बिलावर '४५ दिवस' छापलेलं आहे, आपण ते बिल घेतलं, पैसे दिले. मग ते लेखी ठरलेलंच झालं की.

अ‍ॅड_मंजिरी
यावर भांडता येतं, दोन्ही बाजूंनी. पीओवर अट असेल आणि व्हेंडरने तो स्वीकारला असेल तर बाजू बरीच भक्कम. नुसतं बिलावर एका बाजूने छापलेलं असेल तर मी त्यावर विसंबून ३१ मार्च ओलांडणार नाही. पण एक्स्ट्रॅक्शनच्या शीटमध्ये यातलं काहीच ठरवू नका, `referenced_elsewhere` ठेवा आणि बिल जोडा.

ठाणे_फायनान्स
माझं अजूनही म्हणणं आहे की छोट्या रकमेच्या व्हेंडरला एवढं करण्यात अर्थ नाही. रकमेप्रमाणे क्रम लावा, वरचे माणसाने बघा, खालच्यांना १५ दिवसांत पैसे देऊन मोकळे व्हा.

चाकण_परचेस
सगळ्यांचे आभार. आज ४५ आलेल्या करारांमधले काही हाताने उघडले. बऱ्याच ठिकाणी 'अटी पीओप्रमाणे' असं आहे, आणि आमच्या पीओच्या अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या असतात. स्कॅन करणाऱ्याने फक्त पुढची बाजू घेतलीये. म्हणजे टूलला ते पान कधी दिसलंच नव्हतं. मूळ पीओ स्टोअरला आहेत, उद्यापासून दोन्ही बाजू स्कॅन करायला सांगितलंय, तोपर्यंत या सगळ्यांसमोर `referenced_elsewhere` लावतोय आणि त्यातले उद्यम नोंदणी असलेले अकाउंट्सला वेगळे देतोय, त्यांनी तूर्त १५ धरावेत म्हणून.